दुखवट्याचें पत्र

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. डोंबिवलीहून नव्या मुंबईकडे जाणाऱ्या बसमध्यें आम्ही बसलों होतों, आणि बस शीळफाट्यावर नेहमींप्रमाणें अडकून पडली होती. कल्याण-शीळ रस्ता येथें मुंब्रा-पनवेल रस्त्याला येऊन मिळतो, महाप्याकडील वाहनेंहि येथेंच येतात. त्यामुळें या नाक्यावर पाव तास खोळंबलें तरी कोणास नवल वाटत नाहीं. खिडकींतून बाहेर पाहतां पाहतां आमची दृष्टि विजेच्या खांबाला बांधलेल्या एका फलकाकडे गेली. त्यावर एका वृद्ध गृहस्थांचें छायाचित्र होतें, वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' असें छापलें होतें, आणि खालीं 'शोकाकुल' म्हणून पंधरा-वीस नांवें होतीं. चेहरा ओळखीचा वाटला. मग नांव वाचलें, आणि काळजांत चर्र झालें. ते आमच्या एका शाळासोबत्याचे वडील होते.

आम्ही त्यांना काका म्हणत असूं. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका वजनकाट्यावर ते कामास होते. मालानें भरलेले ट्रक त्या लोखंडी पाटावर येऊन उभे राहत, काका खिडकींतून आंकडा पाहून पावती लिहीत, आणि ट्रक पुढें जात. शाळा सुटल्यावर मित्राबरोबर आम्ही किती तरी वेळां त्या खोलीच्या पायरीवर बसून तें काम पाहिलें असेल. पुढें आम्ही डोंबिवलीस राहावयास आलों, मित्र आपल्या उद्योगास लागला, आणि गेल्या चार वर्षांत एकदांहि त्या घरीं आमचें पाऊल पडलें नाहीं. फलकावर दशक्रियेची व उत्तरकार्याची तारीख होती. त्यावरून काकांना जाऊन पांच दिवस झाले असें कळलें. दुसऱ्याच दिवशीं कामानिमित्त आम्हांस नागपुरास जाणें भाग होतें. तेव्हां आधीं पत्र पाठवावें व परत आल्यावर भेटीस जावें असें ठरवून त्या रात्रीं आम्ही लिहावयास बसलों.

शाळेंत असतांना पत्रलेखनाच्या तासाला दुखवट्याचें पत्र आम्ही शिकलों होतों, आणि त्याला चांगले गुणहि मिळाले होते. त्यामुळें लेखणी अडली नाहीं. दहा मिनिटांत पत्र तयार झालें. मित्राच्या संमतीनें तें येथें जसेंच्या तसें देतों, कारण पुढील सर्व हकीकत त्या पत्राचीच आहे.

'स. न. वि. वि. आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजून आम्हांस अतीव दुःख झालें. क्रूर काळानें घातलेल्या या घाल्यानें आपल्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. काका सदैव हंसतमुख, अजातशत्रु व सर्वांचे आधारस्तंभ होते. त्यांच्या जाण्यानें कधींहि न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपलें दुःख आम्ही पूर्णपणें समजूं शकतों. परंतु ईश्वरेच्छेपुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं, आणि काळ हेंच दुःखावरील औषध होय. कामाचा व्याप, प्रवास व आईची प्रकृति यांमुळें गेल्या चार वर्षांत आपल्याकडे येतां आलें नाहीं, याची खंत आम्हांस जन्मभर राहील. ईश्वर मृतात्म्यास चिरशांति देवो व आपणांस हें दुःख सहन करण्याचें बळ देवो. कांहींहि लागल्यास निःसंकोचपणें कळवावें. कळावें, लोभ असावा, ही विनंती.'

पत्र आम्ही आईस वाचून दाखविलें. ती ऐकत होती, पण तिच्या मुद्रेवर कांहीं उमटलें नाहीं. शेवटीं ती म्हणाली, "छान आहे. पण हें कोणाच्या घरीं जायचें आहे?" आम्ही म्हणालों, "अग, आतां तर सांगितलें, काकांच्या घरीं." ती म्हणाली, "तसें वाटलें नाहीं. मागें शेजारचे आजोबा वारले तेव्हां हेंच पाठविलें असतें तरी चाललें असतें."

तिच्या या एका वाक्यानें आम्हांस एक कसोटी सांपडली. तांबडी पेन्सिल घेऊन आम्ही एकेका वाक्यावर बोट ठेविलें आणि स्वतःस विचारलें कीं, हें वाक्य दुसऱ्या एखाद्या घरीं, दुसऱ्या एखाद्या मृत्यूनंतर, शब्द न बदलतां पाठवितां येईल काय? येत असेल तर त्यांत काका नाहींत. पहिलें वाक्य कोठेंहि जाऊं शकत होतें. क्रूर काळाचा घाला, दुःखाचा डोंगर व न भरून निघणारी पोकळी हीं तर प्रत्येक घरीं जातातच. शिवाय 'दुःखद निधन' या शब्दांतील 'दुःखद' हें विशेषण कोणासाठीं? ज्यांच्या घरांतील माणूस गेलें त्यांना तें दुःखद होतें हें आम्हीं सांगावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ठराविक शब्द सर्वत्र वाईटच असतात असें नाहीं. ४ एप्रिल २०१३ रोजीं शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक इमारत कोसळली आणि ७४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशा वेळीं सरकारनें किंवा एखाद्या संस्थेनें जो शोकसंदेश काढावयाचा तो सर्व घरांना एकसारखाच असला पाहिजे. एकाला जवळचा शब्द आणि दुसऱ्याला दूरचा, असें तेथें करतां येत नाहीं. शिवाय लिहिणाऱ्यानें गेलेल्या माणसांपैकीं कोणास पाहिलेलें नसतें. त्याला ठराविक शब्दच शोभतात, कारण ते त्याला न्याय्य अंतरावर ठेवतात. परंतु आम्ही काकांना पाहिलें होतें. त्यांच्या पायरीवर बसलों होतों. आम्हींहि संस्थेचेच शब्द वापरले, तर काकींना वाटेल कीं हा मुलगाहि आतां दूरचा झाला.

मग तिसऱ्या वाक्याकडे वळलों. 'सदैव हंसतमुख व अजातशत्रु' हें वाक्य नुसतें ठराविक नव्हतें, तें असत्य होतें. काका हंसतमुख मुळींच नव्हते. ते मोजकें बोलत, आणि वजनावरून ट्रकवाल्यांशीं त्यांचे रोज खटके उडत. कोणी आंकडा फिरवून मागितला तर ते खिडकी लावून घेत. अशा माणसास अजातशत्रु म्हणणें म्हणजे ज्या गुणासाठीं त्यांनीं लोकांचा राग सोसला तो गुणच पुसून टाकणें. घरच्यांना आपलें माणूस कसें होतें तें नेमकें ठाऊक असतें. आपण केलेली खोटी स्तुति वाचतांना त्यांना आपलें माणूस दिसत नाहीं, एक परका गृहस्थ दिसतो. तें वाक्य आम्हीं तत्काळ खोडलें.

'आपलें दुःख आम्ही पूर्णपणें समजूं शकतों' हें वाक्य ऐकावयास गोड आहे, आणि कदाचित् म्हणूनच तें चटकन् लिहिलें गेलें. परंतु तें मर्यादा ओलांडणारें होतें. आमचे वडील हयात आहेत. बापाच्या मृत्यूचें दुःख आम्हीं पाहिलें आहे, भोगलेलें नाहीं. मग पूर्णपणें समजण्याची गोष्ट आम्ही कोणत्या तोंडानें करावी? आणि काकींचें दुःख तर पतीच्या वियोगाचें. तें समजतें असें म्हणणें हा एक प्रकारें त्यांच्या दुःखावर हक्क सांगणें झालें.

'काळ हेंच औषध' या वाक्यावर आम्ही बराच वेळ अडलों, कारण तें असत्य नाहीं. तेव्हां आम्हांस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचें एक पत्र आठवलें. इलिनॉय प्रांतांत वकिली करीत असतां लिंकन यांचा विल्यम मॅक्कुलो या न्यायालयीन कारकुनाशीं परिचय झाला होता. पुढें यादवी युद्धांत मॅक्कुलो डिसेंबर १८६२ मध्यें मारले गेले, आणि त्यांची तरुण कन्या फॅनी शोकानें अगदीं खचून गेली. २३ डिसेंबर १८६२ रोजीं लिंकन यांनीं तिला पत्र लिहिलें. त्यांतहि काळानेंच दुःख हलकें होईल असें सांगितलें आहे. परंतु तें सांगतांना ही गोष्ट तुला आज खरी वाटणार नाहीं हेंहि त्यांनीं मान्य केलें, आणि आपण हें स्वतःच्या अनुभवानें जाणतों असें लिहिलें. तो अनुभव त्यांना खरोखर होता. त्यांची आई ते नऊ वर्षांचे असतां वारली होती, आणि त्याच १८६२ सालच्या फेब्रुवारींत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा गेला होता. तेंच वाक्य त्यांच्या लेखणींतून आधार होतें आणि आमच्या लेखणींतून उपदेश होतो. ज्याच्याजवळ अनुभव नाहीं त्यानें पांचव्या दिवशीं काळाची महती सांगूं नये. आम्हीं तें वाक्यहि खोडलें, आणि त्याच्याबरोबर ईश्वरेच्छेचें वाक्यहि गेलें. ईश्वराची इच्छा काय होती हें घरच्यांनीं म्हणावें. आपण त्यांना सांगूं नये.

'मृतात्म्यास चिरशांति' या शब्दांविषयीं आईनेंच सुचविलें. ती म्हणाली, "ते माळकरी होते ना? त्यांच्याकडे मृतात्मा कोण म्हणतो? वैकुंठवासी झाले असें म्हणतात." तें खरें होतें. काकांच्या गळ्यांत तुळशीची माळ असे, आषाढीला ते पंढरीस जात, आणि फलकावर खालच्या ओळींत 'वैकुंठवासी' असाच शब्द होता. आम्ही मात्र आपल्या पाठ केलेल्या पत्रांतला शब्द त्यांच्या घरांत नेऊन ठेवीत होतों. यावरून एक साधी रीत आम्हांस कळली. मृत्यूविषयीं घरचे जो शब्द वापरतात तोच आपण वापरावा. आपल्या श्रद्धेचा शब्द त्यांच्यावर लादूं नये, आणि त्यांच्या श्रद्धेंतला शब्द ठाऊक नसेल तर 'गेले' हा शब्द कोणत्याहि घरीं चालतो.

आतां राहिलें सातवें वाक्य, आमच्या खंतीचें. नऊ वाक्यांत तेंच आमच्या मनांतून आलेलें होतें, म्हणून तें खोडवेना. परंतु नीट पाहिलें तेव्हां दिसलें कीं, त्यांत व्याप, प्रवास व आईची प्रकृति अशा तीन सबबी होत्या. अशा सबबी वाचल्यावर समोरच्या माणसाला 'नाहीं रे, असूं दे, कामें असतातच' असें म्हणावें लागतें. म्हणजे ज्यांचें सांत्वन करावयाचें त्यांनींच आमचें सांत्वन करावयाचें! चार वर्षें गेलों नाहीं हें खरें, आणि तें न लिहिणें हा लपंडाव झाला असता. म्हणून सबबी काढून टाकून एवढीच कबुली ठेविली.

याप्रमाणें खोडतां खोडतां हातांत काय उरलें? काका गेल्याचें कळलें, वाईट वाटलें, चार वर्षें आलों नाहीं. एवढेंच. 'वाईट वाटलें' हे शब्दहि ठराविकच आहेत, आणि आमच्या कसोटीप्रमाणें तेहि जावयास हवे होते. त्यांच्या जागीं कांहीं निराळें, कोणी न लिहिलेलें असें घालण्याचा आम्हीं प्रयत्न केला. दोन-तीन वाक्यें लिहून पाहिलीं. तीं वाचतांना काकांपेक्षां आमची हुशारीच अधिक दिसूं लागली. तेव्हां कसोटीलाहि मर्यादा आहे हें पटलें. पत्रांत एक वाक्य साधें, सर्वांच्या तोंडचें असावें. तें दारावरच्या हांकेसारखें आहे. दोष तें वाक्य असण्यांत नाहीं, पत्रांत दुसरें कांहींच नसण्यांत आहे.

तें दुसरें म्हणजे आठवण. काकांच्या तीन आठवणी आमच्यापाशीं होत्या. पहिली त्यांच्या व एका ट्रकवाल्याच्या भांडणाची. ती रंगतदार आहे. पण हें पत्र घरांत मोठ्यानें वाचलें जाणार, आणि भांडणांत काका जे बोलले तें काकींपुढें वाचण्यासारखें नव्हतें. दुसरी आठवण आमच्या अडचणीच्या दिवसांतली. त्या वेळीं काकांनीं आमच्यासाठीं एक गोष्ट केली होती आणि 'हें कोणाला सांगूं नकोस, घरींसुद्धां नाहीं' असें बजावलें होतें. ती लिहावी असें आम्हांस फार वाटत होतें. काका किती थोर होते हें तिच्यावरून एका क्षणांत कळलें असतें. परंतु ज्यानें गुप्त ठेवावयास सांगितलें तो आतां परवानगी देण्यास नाहीं, आणि मरणानें वचन सुटतें असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय ती गोष्ट कळल्यावर काकींना आनंद होईल कीं 'मला कां सांगितलें नाहीं' अशी रुखरुख लागेल, हें आम्ही बाहेरून ठरवूं शकत नाहीं. म्हणून ती लिहिली नाहीं. येथेंहि सांगत नाहीं.

तिसरी आठवण वजनकाट्याची. आम्ही सहावींत असतां एके दिवशीं आम्ही व आमचे सोबती त्या लोखंडी पाटावर चढून उभे राहिलों. आंकडा २२० किलो आला. मग प्रत्येकाचें दप्तर खालीं ठेवून किती कमी होतें तें पाहण्याची टूम निघाली. आमचें दप्तर खालीं ठेवलें, तरी आंकडा जागचा हलला नाहीं. काका म्हणाले, "अरे, हा कांटा ट्रकांचा. दहा किलोच्या आंतलें त्याला कांहीं कळत नाहीं." सर्व मुलें हंसलीं; आम्ही सर्वांत लहान होतों, आम्हांला रडूं आलें. तेव्हां काकांनीं आम्हांला शेजारच्या किराणा दुकानांतील तराजूवर नेलें, आणि परत येऊन छापील पावतीवर आमचें वजन लिहून दिलें.

ही आठवण पत्रांत घालण्याचें ठरलें. पण घालण्यापूर्वीं ती पडताळून पाहावी असें वाटलें, म्हणून त्या दिवशीं बरोबर असलेल्या एका सोबत्यास रात्रींच दूरध्वनि केला. आम्हीं 'सात मुलें' असें लिहिलें होतें. तो म्हणाला, सहा होतीं. आंकडा किती आला तें त्याला मुळींच आठवत नव्हतें. मात्र पावतीची गोष्ट त्याला पक्की आठवत होती. तेव्हां आम्हीं 'सहा-सात मुलें' असें केलें, आणि २२० हा आंकडा काढून टाकला. ही सावधगिरी अनाठायीं नव्हे. लिंकन यांच्याच नांवावर असलेलें २१ नोव्हेंबर १८६४ चें एक पत्र जगांत त्याहून अधिक प्रसिद्ध आहे. बॉस्टन येथील बिक्सबी नांवाच्या विधवेस तें पाठविलें होतें, आणि तिचे पांच पुत्र रणांगणीं पडले असें त्यांत लिहिलें आहे. युद्धखात्याकडून आलेली ती माहिती चुकीची होती. पांचांपैकीं दोघेच रणांत पडले होते असें पुढें आढळलें. तें पत्र लिंकन यांनीं स्वतः लिहिलें कीं त्यांचे चिटणीस जॉन हे यांनीं, याविषयींहि वाद झाला आहे. शब्द कितीहि उत्तम असोत. जिच्या घरांतील मुलें, तिला तर तीं किती गेलीं हें ठाऊक असणारच.

शेवटचें वाक्य होतें 'कांहींहि लागल्यास कळवावें.' यांत आपण कांहींच देत नाहीं. उलट काय मागावें, केव्हां मागावें, याचा विचार शोकांत असलेल्या माणसावर टाकतों. त्याऐवजीं आपण काय करणार तें नेमकें लिहावें, आणि 'नको' म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी असें आम्हीं ठरविलें. आम्ही करूं शकत होतों अशीं कामें दोन. एक भेटीस जाण्याचें. दुसरें कागदपत्रांचें. मृत्यूची नोंद १९६९ सालच्या कायद्याप्रमाणें २१ दिवसांच्या आंत करावी लागते, आणि नंतर बँक, विमा, निवृत्तिवेतन अशा ठिकाणीं दाखल्याच्या प्रती लागतात. शीळ गांव ठाणें महापालिकेच्या हद्दींत आहे, आणि आमचें ठाण्यास नेहमीं जाणें-येणें असतें. परंतु काकींच्या पत्रांत दाखल्याची गोष्ट कशी लिहावी? ती मदत खरी, पण तें पत्र तिची जागा नव्हे. म्हणून मित्राच्या नांवें एक लहानशी चिठ्ठी निराळी लिहिली: 'नोंद झाली नसेल तर कागद माझ्याकडे दे, प्रती मी आणीन. झाली असेल तर या चिठ्ठीस उत्तर नको.'

आणखी दोन बारीक गोष्टी बदलल्या. पहिलें पत्र मित्रास होतें व 'आपण' म्हणून होतें. ज्याच्याशीं गोट्या खेळलों त्याला 'आपण' म्हणणें म्हणजे दार लोटून घेणेंच. दुसरें पत्र काकींना लिहिलें, आणि त्यांना आम्ही बोलतांना म्हणतों तसें 'तुम्ही' म्हटलें. तसेंच लेखांत आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणवितों, तें लेखकांच्या रिवाजास धरून आहे. पण काकींपुढें आम्ही कोण मोठे लागून गेलों? तेथें 'मी' हाच शब्द खरा. 'लोभ असावा' हेंहि काढलें, कारण आजच्या दिवशीं लोभाची मागणी आपण करावयाची नसते.

शेवटीं पत्र तयार झालें तें असें:

'ती. स्व. काकींस साष्टांग नमस्कार.

काका वैकुंठवासी झाल्याचें मला आज कळलें. फार वाईट वाटलें. चार वर्षांत मी तुमच्याकडे आलों नाहीं, ही चूक माझी आहे.

शाळेंत असतांना आम्ही सहा-सात मुलें एकदां वजनकाट्यावर चढलों होतों. माझें दप्तर खालीं ठेवलें तरी आंकडा हलला नाहीं, म्हणून मी रडूं लागलों. काकांनीं मला शेजारच्या दुकानांतील तराजूवर नेलें आणि छापील पावतीवर माझें वजन लिहून दिलें. वाहन क्रमांकाच्या जागीं त्यांनीं माझें नांव घातलें, 'माल' या शब्दापुढें 'विद्यार्थी' असें लिहिलें, आणि खालीं सही केली. ते हंसले नाहींत. ट्रकवाल्याला देत तशीच ती पावती त्यांनीं माझ्या हातांत दिली. ती मीं पुष्कळ वर्षें जपली होती.

मी उद्यां नागपुरास जात आहें. उत्तरकार्यानंतरच्या रविवारीं संध्याकाळीं तुम्हांला भेटावयास येईन. त्या दिवशीं सोयीचें नसेल तर नुसता निरोप पाठवा. या पत्राला उत्तर लिहूं नका.

आईचा नमस्कार.'

आमच्या आजोबांच्या काळीं मृत्यूची वार्ता आणणारें पत्र घरांत ठेवीत नसत. वाचून तत्काळ फाडून टाकीत. दुखवट्याचें पत्र मात्र कोणी कोणी पेटींत जपून ठेवीत. म्हणून आम्हीं तें साध्या पांढऱ्या कागदावर, एका बाजूस मावेल एवढेंच, शाईनें लिहिलें. टपालास दोन दिवस लागतील या विचारानें शेजारच्या मुलाच्या हातीं सकाळींच शीळफाट्यास पाठविलें, आणि आम्ही नागपूरची गाडी धरली.

ठरलेल्या रविवारीं आम्ही गेलों. निरोप आलेला नव्हता, म्हणून जाण्यास हरकत नव्हती. काकी ओटीवर बसल्या होत्या. आम्ही नमस्कार केला व जवळ बसलों. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग काकी म्हणाल्या, "पावतीचें आम्हांला ठाऊकच नव्हतें. त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं." आणि थोड्या वेळानें विचारलें, "किती भरलें होतें रे तुझें वजन?"

आम्ही म्हणालों, "चोवीस किलो."

त्या किंचित् हंसल्या, आणि आंत वळून सुनेला म्हणाल्या, "चोवीस किलोचा होता ग हा. चहा ठेव."

मित्र आम्हांस पोंचवावयास नाक्यापर्यंत आला. कागदपत्रांची चिठ्ठी त्याच्या खिशांत होती. नोंद झाली होती, पण प्रती आणावयाच्या राहिल्या होत्या. त्यानें कागद आमच्या हातीं दिले. ट्रकांची रांग नेहमींप्रमाणें लागलेली होती. फलक अद्याप खांबावर होता. पावसानें त्याचा एक कोपरा सुटला होता. मित्रानें तो पुन्हां बांधला, आणि बस येईपर्यंत आम्ही दोघे तेथेंच उभे राहिलों.